रुपया पडला की चढला? नोव्हेंबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ : एका निर्देशांकाची उलटतपासणी

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका डॉलरला सुमारे ८४ रुपये ४० पैसे पडत होते आणि ‘रुपया नव्या नीचांकावर’ ही बातमी दर आठवड्याला येत होती. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचा एक आकडा नेमकं उलट सांगत होता. रुपयाचा वास्तव प्रभावी विनिमय दर निर्देशांक १०८.१४ वर पोचला होता. या निर्देशांकाला बाजारातली माणसं ‘रीर’ म्हणतात. त्याच्या भाषेत १०८ म्हणजे रुपया २०१५-१६ च्या तुलनेत आठ टक्के महाग. नीचांक नव्हे, उच्चांक.

पुढच्या ऑक्टोबरपर्यंत डॉलर ८८ रुपये ४० पैशांच्या आसपास गेला, म्हणजे डॉलरपुढे रुपया साडेचार टक्के घसरला. ‘रीर’ मात्र सुमारे ९७.५ वर उतरला. ही घसरण जवळपास दहा टक्क्यांची.

घसरण साडेचार आणि निर्देशांकातली दहा, मग मधला फरक आला कुठून? आणि दहा टक्के स्वस्त झालेल्या रुपयानं आपला माल जगात दहा टक्के जास्त स्पर्धात्मक झाला का? या अकरा महिन्यांचा हिशेब उलगडला तर दोन्ही उत्तरं मिळतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंच गैरसोयीचं आहे.

आकडा बनतो कसा

डॉलरचा भाव सांगतो तो एकाच चलनाविषयी. पण आपला व्यापार काही एकट्या अमेरिकेशी नाही. म्हणून रिझर्व्ह बँक ४० चलनांची एक टोपली धरते. ज्या देशाशी आपला व्यापार जास्त, त्याच्या चलनाचं वजन जास्त. या ४० चलनांपुढे रुपयाचं मोल किती बदललं याची वजनी भूमितीय सरासरी काढली की नाममात्र प्रभावी विनिमय दर मिळतो. इथपर्यंत हे फक्त चलनांचं गणित आहे.

पुढची पायरी किमतींची. समजा रुपया पाच टक्के पडला, पण आपल्याकडची महागाई भागीदार देशांपेक्षा पाच टक्क्यांनी जास्त वाढली, तर परदेशी ग्राहकाला आपला माल होता त्याच भावात पडेल. पडलेला रुपया महागाईनं खाऊन टाकला. म्हणून नाममात्र दराला आपल्या आणि त्यांच्या किंमतपातळीच्या गुणोत्तरानं गुणतात:

वास्तव दर = नाममात्र दर × (आपली किंमतपातळी ÷ भागीदारांची किंमतपातळी)

निर्देशांक वर गेला तर आपला माल तुलनेनं महाग, खाली आला तर स्वस्त. पायाभूत वर्ष २०१५-१६ चं, तेव्हा १०० धरलेले. इथे बहुतेकांची पहिली चूक होते. १०० म्हणजे ‘योग्य भाव’ नव्हे. २०१५-१६ मध्ये रुपयाचा भाव अगदी बरोबर होता असं कुणी सिद्ध केलेलं नाही. ते एक सोयीचं वर्ष आहे, इतकंच. त्यामुळे ‘१०८ म्हणजे रुपया आठ टक्के फुगलेला’ हे विधान टीव्हीवर छान वाटतं, पण त्याचा खरा अर्थ ‘२०१५-१६ पेक्षा आठ टक्के महाग’ एवढाच आहे.

१०८ च्या पोटात काय होतं

एकच आकडा ४० देशांची सरासरी सांगतो तेव्हा त्या सरासरीच्या पोटात डोकावल्याशिवाय राहवत नाही. मी चार चलनं घेऊन ठोकताळा मांडला. आकडे मुद्दाम गोल केले आहेत, दिशा समजायला तेवढे पुरतात.

२०१५-१६ मध्ये डॉलर सरासरी साडेपासष्ट रुपयांना होता. नोव्हेंबर २०२४ पर्यंत तो ८४.४० झाला, म्हणजे रुपयानं डॉलरपुढे २२ टक्के मोल गमावलं. या काळात आपला किरकोळ किंमत निर्देशांक सुमारे ५८ टक्के वाढला, अमेरिकेचा ३३ टक्के. महागाईतला हा फरक जमेला धरूनही डॉलरपुढे रुपया वास्तवात सुमारे आठ टक्के स्वस्तच झालेला दिसतो. म्हणजे निर्देशांक ज्या उच्चांकाची गोष्ट सांगत होता, तो अमेरिकेच्या बाबतीत नव्हताच.

युरोपुढे रुपया जवळपास होता तिथेच होता. युरो ७२ वरून ९० च्या जवळ गेला, पण आपली जास्तीची महागाई नेमकी तेवढ्याच मापाची निघाली.

युआन घेतला की चित्र पालटतं. २०१५-१६ मध्ये युआन सव्वादहा-साडेदहा रुपयांना होता, नोव्हेंबर २०२४ मध्ये ११.७० ला. नऊ वर्षांत रुपया युआनपुढे फक्त बारा टक्के पडला. चीनमधल्या किमती मात्र या काळात जेमतेम पंधरा टक्के वाढल्या, आपल्या ५८. हिशेब केला तर युआनपुढे रुपया वास्तवात वीस टक्के महाग. २०२४-२५ मध्ये चीनशी आपली व्यापारतूट ९९.२ अब्ज डॉलर झाली, तिची कारणं अनेक आहेत. तरी चिनी मोटर किंवा चिनी रसायन भारतीय मालापेक्षा दरवर्षी थोडं थोडं स्वस्त का वाटत गेलं, याचा एक धागा इथे सापडतो.

आणि येन. २०१५-१६ मध्ये एक येन ५४-५५ पैशांना होता, नोव्हेंबर २०२४ मध्येही ५५ पैशांनाच. नऊ वर्षांत भाव हललाच नाही! डॉलरपुढे रुपया पडत होता तेव्हा येनही तितकाच पडत होता. जपानमधल्या किमती बारा टक्क्यांच्या आसपास वाढल्या, आपल्या ५८ टक्के. म्हणजे येनपुढे रुपया वास्तवात चाळीस टक्के महाग. चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्याची स्पर्धा जपानी पुरवठादाराशी असेल, तर त्याच्या दृष्टीनं नोव्हेंबर २०२४ चा रुपया ‘नीचांकावर’ अजिबात नव्हता.

अमेरिकेपुढे आठ टक्के स्वस्त, युरोपपुढे बरोबरीत, चीनपुढे वीस आणि जपानपुढे चाळीस टक्के महाग. या सगळ्यांना एका टोपलीत घातलं की १०८ दिसतात. स्पर्धाक्षमतेचा प्रश्न विचारणाऱ्यानं ‘कुणापुढे?’ हे विचारलं नाही, तर या आकड्याचा उपयोग निम्मा वाया जातो.

रुपया डॉलरसोबत इतका चिकटून का राहिला, हेही पाहायला हवं. २०२३ आणि २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रुपया डॉलरपुढे फार हलू दिला नाही. गंगाजळी सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस ७०० अब्ज डॉलरच्या वर होती, त्यामुळे दारूगोळा भरपूर होता. डिसेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या काळासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं तर आपली विनिमय व्यवस्था ‘स्थिर ठेवलेली’ या वर्गात टाकली, आणि रिझर्व्ह बँकेनं त्यावर जाहीर नाराजी नोंदवली. जो कोणत्याही चलनाला घट्ट बांधून घेतो, तो त्या चलनासोबत चढतो. अमेरिकेच्या निवडणुकीनंतर डॉलर उसळला आणि त्याच्या शेपटीला धरून रुपयाही युरो-येनपुढे वर गेला.

भाजीनं चढवलं, भाजीनं उतरवलं

आता त्या अकरा महिन्यांकडे येऊ. चाळीस चलनांचा हिशेब कागदावर मांडणं जिकिरीचं, म्हणून मी तीन चलनांची खेळण्यातली टोपली केली: डॉलर, युरो, युआन, तिघांना समान वजन. खऱ्या टोपलीत वजनं वेगळी आहेत, पण गंमत बघा.

डॉलरपुढे रुपया साडेचार टक्के पडला. युआन ११.७० वरून १२.४० ला गेला, म्हणजे तिथे साडेपाच टक्के. युरो मात्र सुमारे ८९.७० वरून १०२.८० वर गेला आणि रुपयाची घसरण पावणेतेरा टक्के झाली. कारण २०२५ मध्ये डॉलर स्वतःच युरोपुढे कोसळला आणि रुपया त्या कोसळणाऱ्या डॉलरपुढेही पडत होता. तिघांची भूमितीय सरासरी ७.७ टक्के येते. साडेचार आणि दहा यांच्यातल्या फरकाचा मोठा हिस्सा इथेच सापडला. वर्तमानपत्रांनी डॉलर पाहिला, खरी पडझड युरोपुढे झाली होती.

उरलेला वाटा किमतींचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपली किरकोळ महागाई वर्षभराच्या तुलनेत फक्त ०.२५ टक्के होती. युरो क्षेत्रात ती २.१, चीनमध्ये ०.२ आणि अमेरिकेत सप्टेंबरमध्ये ३.० टक्के होती. (ऑक्टोबरचा अमेरिकी आकडा आलाच नाही. सरकारी कामकाज बंद पडल्यानं किमतींची पाहणीच झाली नाही. ‘रीर’ काढणाऱ्यांना असे खड्डे भरून काढावे लागतात, आणि वाचणाऱ्याला ते दिसत नाहीत.) तिघांची सरासरी १.८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्या किमती त्यांच्यापेक्षा दीड टक्का कमी वाढल्या. ७.७ मध्ये हा दीड टक्का धरला की माझी खेळण्यातली टोपली सुमारे नऊ टक्क्यांची घसरण दाखवते. रिझर्व्ह बँकेची खरी टोपली जवळपास दहा दाखवते. तीन चलनांच्या मानानं वाईट नाही.

पण ही ०.२५ टक्के महागाई आली कुठून?

२०१२ पायाच्या किरकोळ किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचं वजन ४५.८६ टक्के होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या वर्षभरात ४२.१८ टक्के महागल्या होत्या. खाद्य महागाई १०.८७ आणि एकूण महागाई ६.२१ टक्क्यांवर होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच भाज्या २७.५७ टक्के स्वस्त झाल्या आणि खाद्य महागाई उणे ५.०२ वर आली. सप्टेंबरअखेर वस्तू-सेवा कराचे दर उतरले, त्याचाही हातभार लागला. पण झोका घेतला तो मुख्यतः भाजीनं. टोमॅटो, कांदा, बटाटा यांच्या भावांनी निर्देशांक आधी वर ढकलला, मग खाली ओढला.

आता निर्यातदाराच्या चष्म्यातून बघा. लासलगावात कांद्याचा भाव पडला, शेतकऱ्याचा उत्पादनखर्चही निघेना. निर्देशांकाच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ होतो ‘भारत स्पर्धात्मक झाला’. इचलकरंजीच्या मागवाल्याचं सूत, वीज, मजुरी, बँकेचं व्याज यांतलं काय कांद्यामुळे स्वस्त झालं? त्याच वर्षी काहीही नाही. भाजी बरीच वर्षं स्वस्त राहिली तर मजुरीची मागणी थोडी मवाळ होईल, एवढंच दूरचं नातं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये भाजी महाग झाली तेव्हाही त्याच्या कापडाची किंमत वाढलेली नव्हती. १०८ चा उच्चांक आणि ९७ ची घसरण, दोन्हींमध्ये मंडईचा वास आहे.

मग खाद्यपदार्थ आणि इंधन वगळलेली गाभा महागाई वापरली तर? मी तोही हिशेब करून पाहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपली गाभा महागाई चार टक्क्यांच्या वर होती. तिन्ही भागीदारांची सरासरी सव्वादोनच्या आसपास. म्हणजे आपल्या किमती त्यांच्यापेक्षा दोन टक्के जास्त वाढल्या. टोपलीची घसरण नऊवरून सहा टक्क्यांवर येते. एक तृतीयांश ‘स्पर्धाक्षमता’ भाजीच्या पाटीतून गळून गेली.

इथे थांबलो असतो तर लेख नीटनेटका झाला असता. पण गाभा महागाईतही एक खोड आहे: सोनं. त्या वर्षी सोन्याचा भाव आकाशाला भिडला आणि सोनं गाभ्यात मोजलं जातं. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२५ मध्ये सांगितलं की सोनं वगळलं तर ऑक्टोबरची गाभा महागाई २.६ टक्केच होती. तो आकडा घातला की टोपलीची घसरण सात टक्क्यांच्या थोडी वर येते. गळ्यातल्या मंगळसूत्राचा भाव वाढला म्हणून कापडाचा कारखाना महाग पडत नाही, त्यामुळे मला हा तिसरा आकडा त्यातल्या त्यात खरा वाटतो.

एकच अकरा महिने, एकच रुपया. महागाईचं माप बदललं की उत्तर नऊ, सहा किंवा सात. ज्यांच्याकडे कारखान्यांच्या एकक मजुरी खर्चाचे, म्हणजे मालाच्या एका नगामागे पडणाऱ्या मजुरीचे, नियमित आकडे असतात, ते देश ते वापरून आणखी एक ‘रीर’ काढतात आणि स्पर्धाक्षमतेसाठी तोच जास्त प्रामाणिक असतो. युरोपात जर्मनी आणि स्पेन यांचं चलन एकच असूनही त्यांच्या स्पर्धाक्षमतेत दरी कशी पडली, हे त्याच मापानं दिसतं. आपल्याकडे इतक्या छोट्या, विखुरलेल्या कारखानदारीचे मजुरीचे आकडे महिन्याला मिळणं अवघड, म्हणून किरकोळ किमतींवर भागवावं लागतं.

दोन कारखाने, एक रुपया

रुपया वास्तवात सात टक्के स्वस्त झाला असं मान्य करू. तो कुणाच्या हाती किती पडला?

हिऱ्याचा कारखानदार घ्या. मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलातून किंवा सुरतेतून तो पैलू पाडलेले हिरे डॉलरमध्ये विकतो, पण कच्चा हिरा तो डॉलरमध्येच आणतो. समजा १०० डॉलरच्या मालात ८० डॉलर कच्च्या हिऱ्याचे. रुपया पडला तर त्या ८० चा खर्चही तितकाच वाढतो. फायदा होतो तो फक्त २० डॉलरच्या मजुरी-व्यवस्थापनावर. म्हणजे रुपयाच्या सात टक्क्यांपैकी त्याच्या विक्रीकिमतीत उतरतात दीड टक्क्यांच्या आत. तुती, जमीन, पाणी, मजूर असा सगळा खर्च रुपयात करणाऱ्या रेशीम उत्पादकाला हेच सात टक्के जवळपास पूर्ण मिळतील. निर्देशांकाला या दोघांतला फरक कळत नाही. एखाद्या उद्योगाची स्पर्धाक्षमता त्यावरून जोखायची असेल, तर आधी त्याच्या खर्चपत्रकातला आयातीचा वाटा वजा करावा लागतो.

दुसरी अडचण टोपलीच्या रचनेतली आहे. रिझर्व्ह बँकेची वजनं ठरतात ती त्या देशाशी आपल्या थेट व्यापारावरून. पण बाजारात आपला प्रतिस्पर्धी बहुधा तिसराच असतो. तिरुपूरचा टी-शर्ट अमेरिकेत विकला जातो तेव्हा त्याची झुंज अमेरिकी शिंप्याशी नसते, बांगलादेश आणि व्हिएतनामशी असते. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ८६ टका पडायचे, २०२४ मध्ये १२० च्या आसपास. तिथली महागाईही जबर होती, त्यामुळे वास्तवातली घसरण त्याहून बरीच कमी. तरी तिरुपूरला जो आकडा हवा होता तो हाच, आणि आपल्या टोपलीत बांगलादेशाचं वजन ठरतं आपण त्याला किती कापूस-सूत विकतो यावरून. तो अमेरिकेत किती शर्ट विकतो यावरून नव्हे. बाझेलची ‘बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स’ या तिसऱ्या बाजारातल्या स्पर्धेची दखल वजनात घेते. कपड्यांसारख्या धंद्यात काम करणाऱ्यानं दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आणि याच गोष्टीत २०२५ च्या ऑगस्टनं पाचर मारली.

२७ ऑगस्टपासून अमेरिकेनं भारतीय मालावर एकूण ५० टक्के जादा आयातशुल्क लावलं: २५ टक्के ‘परस्पर’ शुल्क आणि २५ टक्के रशियन तेलाचा दंड. बांगलादेश आणि व्हिएतनामवर ते २० टक्के होतं. ‘रीर’मध्ये आयातशुल्क मोजलंच जात नाही. तो ऑक्टोबरमध्ये ९७.५ दाखवत होता आणि आकड्यापुरतं बोलायचं तर भारतीय माल वर्षभरापूर्वीपेक्षा आकर्षक होता.

साधा हिशेब करा. जुनं शुल्क बाजूला ठेवू. बांगलादेशी शर्ट बंदरावर १० डॉलरला उतरला तर शुल्कासह १२ डॉलर. भारतीय शर्ट १० डॉलरला उतरला तर १५. बारा डॉलरला यायचं तर तिरुपूरनं तो ८ डॉलरला विकायला हवा, म्हणजे २० टक्के भाव उतरवायला हवा. त्या अकरा महिन्यांत डॉलरपुढे रुपयाची वास्तव घसरण, महागाईतला फरक धरूनही, सात टक्क्यांच्या आतबाहेर. तीही त्यात सूत-रंग-बटणं आयातीची असतील तितकी कमी. रुपयानं दिलेलं बोट धरून तो खड्डा ओलांडता येत नव्हता. ज्यांनी ऑक्टोबरमध्ये ‘रुपया स्वस्त झालाय, निर्यात आता सावरेल’ असं लिहिलं, त्यांनी अमेरिकेला जाणाऱ्या मालाला आणि युरोपला जाणाऱ्या मालाला एकाच निर्देशांकानं मापलं.

सेवा, न्हावी आणि उत्पादकता

थोडक्यात आणखी एक गोष्ट, कारण तिच्यावाचून १०८ चा अर्थ अर्धवट राहतो. ‘रीर’ वाढणं म्हणजे नेहमी आजारच असं नाही. ज्या देशाची निर्यातक्षम क्षेत्रातली उत्पादकता भराभर वाढते, तिथे मजुरी वाढते आणि मग ज्यांची उत्पादकता वाढलेली नाही अशा कामांचे भावही वाढतात. हिंजवडीत सॉफ्टवेअरवाल्यांचे पगार वाढले की शेजारच्या न्हाव्याचा दरही वाढतो, कात्री तीच असली तरी. त्यानं देशाची किंमतपातळी चढते, ‘रीर’ चढतो, आणि स्पर्धाक्षमता मात्र कमी झालेली नसते. २०२४-२५ मध्ये भारताची सेवानिर्यात ३८७ अब्ज डॉलरच्या वर होती, वस्तूंची ४३७ अब्जांच्या आसपास. सेवांचे डॉलर रुपयाला आधार देतात आणि त्या आधारानं महाग झालेला रुपया वस्तू बनवणाऱ्याच्या वाट्याला येतो. त्या १०८ मधले किती टक्के हिंजवडीचे आणि किती मंडईचे, हे वेगळं काढायला एकट्या निर्देशांकाकडे पाहून भागत नाही. त्यासाठी जगाच्या बाजारपेठेत आपल्या मालाचा वाटा वाढला की घटला हे उद्योगवार शेजारी ठेवावं लागतं. ‘रीर’ चढत असताना वाटाही वाढत असेल तर काळजीचं कारण थोडं. ‘रीर’ चढतोय आणि वाटा आक्रसतोय, तेव्हा मात्र कान टवकारायचे.

नाशिकचा कंटेनर

शेवटी ज्या मालाला या सगळ्या उलथापालथीचा खरोखर फायदा होऊ शकत होता, तिकडे जाऊ. नाशिकची द्राक्षं युरोपला जातात, सर्वात जास्त नेदरलँड्समध्ये. हंगाम जानेवारी ते एप्रिलचा. खर्च बहुतेक रुपयातला: छाटणी, मजुरी, खतं, पॅकहाउस, शीतगृह. काही औषधं आणि कंटेनरचं भाडं डॉलरशी बांधलेलं. अमेरिकेच्या शुल्काचा इथे संबंध नाही. आणि युरो ९० वरून १०३ च्या घरात गेला.

पण इथेही विचारायचं तेच: कुणापुढे? रॉटरडॅमच्या बाजारात नाशिकच्या पेटीशेजारी दक्षिण आफ्रिकेची पेटी असते. तिथल्या बागायतदाराचा खर्च रँडमध्ये आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एक रँड ४ रुपये ७० पैशांच्या जवळ होता, ऑक्टोबर २०२५ मध्ये ५ रुपये १० पैशांच्या जवळ. म्हणजे युरोपुढे रँडही पडला होता, पण रुपयापेक्षा बराच कमी. दक्षिण आफ्रिकेतली महागाई साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आपली शून्याच्या जवळ. इथे महागाईचा हिशेब थोडा तरी खरा, कारण मजुराचं पोट मंडईवरच चालतं. सगळं धरून त्या एका प्रतिस्पर्ध्यापुढे नाशिकचं द्राक्ष सुमारे दहा-अकरा टक्के स्वस्त झालं. योगायोग असा की हा आकडा जवळपास रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांकातल्या घसरणीइतकाच निघाला. पण दोन्ही आकडे वेगवेगळ्या वाटांनी आलेले आहेत. निर्देशांकात रँडचं वजन आपण दक्षिण आफ्रिकेकडून घेतो त्या कोळशावरून आणि सोन्यावरून ठरतं, द्राक्षावरून नाही.

आणि त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नाशिकच्या पट्ट्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. छाटणी लांबली आणि बऱ्याच बागांमध्ये घडच कमी लागले.